‘मी तुझा तिरस्कार करतो’: मशीन भाषांतरात मेलेली थट्टा, टोमणा आणि न बोललेलं प्रेम कसं दुरुस्त करायचं

इंग्रजी मालिकांच्या सबटायटलचा मशीनने केलेला मराठी मसुदा माझ्याकडे दुरुस्तीला येतो. प्रेमकथा आली की एक ठरलेला बिघाड सोबत येतोच. शब्द बहुतेक बरोबर असतात, व्याकरणही फारसं चुकलेलं नसतं, पण दोघांमध्ये जे चाललंय ते मराठीत कुठेच दिसत नाही. हाच बिघाड इतक्या वेळा दुरुस्त केलाय की आता तपासणीचा क्रम ठरून गेलाय. तो इथे लिहिते. सुरुवात सोप्या आणि फुकटच्या तपासण्यांनी करायची, कारण निम्म्या चुका तिथेच सापडतात.

लक्षणं

पहिलं लक्षण म्हणजे लाडाने भांडणारी माणसं खरीखुरी वैरी वाटायला लागतात. ‘आय हेट यू’ हे हसत म्हटलेलं वाक्य ‘मी तुझा तिरस्कार करतो’ होऊन येतं, आणि म्हणणारी बाई असली तरी ‘करतो’च येतं. ‘यू आर गोइंग टू पे फॉर दॅट’ ही उशी फेकताना दिलेली धमकी ‘तुला याची किंमत मोजावी लागेल’ होते, म्हणजे थेट खलनायकाचं वाक्य.

टोमण्याचं उलट होतं, त्याचं कौतुक होऊन बसतं. चावी आतच राहून दार बंद झालंय आणि ती त्याला म्हणते, ‘यू आर अ जीनियस.’ मराठीत येतं, ‘तू एक प्रतिभावान व्यक्ती आहेस.’

तिसरं लक्षण असं की तीच दोन माणसं एका ओळीत ‘तुम्ही’ असतात, पुढच्या ओळीत ‘तू’ आणि तिसऱ्या ओळीत ‘आपण’. आणि चौथं, उत्तर प्रश्नाला लागत नाही. वाक्य एकटं वाचलं तर ठीक वाटतं, वरच्या ओळीसोबत वाचलं की दोघं वेगवेगळ्या खोल्यांत बसून बोलताहेत असं वाटतं.

यातली दोन लक्षणं एका दृश्यात दिसली तर एकेक ओळ सुधारत बसू नका, खालच्या क्रमाने सगळं दृश्य तपासा.

असं का होतं

सबटायटलच्या फाइलमधली ओळ मशीनकडे बहुतेक वेळा एकटी जाते. वर कोण काय बोललं, बोलणारी बाई की पुरुष, दोघांची ओळख किती जुनी, आवाज कसा होता, यातलं काहीच तिच्यासोबत जात नाही. काही व्यवस्था आजूबाजूचा मजकूरही बघतात आणि तिथे चुका कमी होतात, पण आवाज आणि चेहरा त्यांच्याकडेही पोचलेला नसतो. मग मशीन त्या शब्दांचा सगळ्यात संभवनीय अर्थ निवडतं.

तो अर्थ कुठून येतो हेही महत्त्वाचं आहे. इंग्रजी-मराठी वाक्यांच्या जोड्यांचे जे मोठे संग्रह तयार झाले, उदाहरणार्थ 2021 चा ‘समानान्तर’, त्यांत बातम्या आणि सरकारी निवेदनांसारखा लेखी मजकूर भरपूर आहे. तिथे ‘हेट’ म्हणजे द्वेष किंवा तिरस्कारच असतो. घरातली चिडवाचिडवी अशी कुणी दोन भाषांत छापून ठेवत नाही.

नमुन्याचं दृश्य

कामातले संवाद देता येत नाहीत, म्हणून एक दृश्य स्वतः रचलं आहे. चुका मात्र रोज बघते त्याच आहेत. दोन माणसं, दोन वर्षांनी भेट. तिच्या दाराशी एक छत्री टेकवून ठेवलेली आहे, जी त्याने मागच्या वेळी तिला दिली होती. मूळ इंग्रजी ओळ आधी, मग मशीनची.

ती: ‘ओह, ग्रेट. इट्स यू.’ — ‘अरे, छान. हे तुम्ही आहात.’
तो: ‘मिस्ड मी?’ — ‘मला चुकवले?’
ती: ‘लाइक अ टूथएक.’ — ‘दातदुखी सारखे.’
तो: ‘यू केप्ट द अम्ब्रेला.’ — ‘तुम्ही छत्री ठेवली.’
ती: ‘इट रेन्स.’ — ‘पाऊस पडतो.’
तो: ‘इट डझ.’ — ‘ते करते.’
ती: ‘आय हेट यू.’ — ‘मी तुझा तिरस्कार करतो.’
तो: ‘आय नो.’ — ‘मला माहित आहे.’

पहिली तपासणी: क्रियापदाचं लिंग

याला पाच मिनिटं लागतात आणि व्हिडिओसुद्धा उघडावा लागत नाही. फाइलमध्ये ‘मी’ शोधा आणि प्रत्येक ‘मी’च्या पुढे ‘करतो, आलो, होतो’ आहे की ‘करते, आले, होते’ हे पात्रांच्या यादीशी ताडून बघा. मग ‘तू’ घेऊन ‘आलास’ आणि ‘आलीस’ तसंच बघा. इंग्रजीतल्या ‘आय’ आणि ‘यू’ला लिंग नसतं, म्हणून मशीनला अंदाज करावा लागतो आणि तो अंदाज फार वेळा पुल्लिंगाकडे झुकतो.

प्रेमकथेत ही साधी चूक राहत नाही. बाईच्या तोंडी ‘करतो’ आलं की वाचकाला क्षणभर वाटतं, ही ओळ त्याची. मग कोण कुणाला काय म्हणालं तेच उलटतं. दोन बायकांची किंवा दोन पुरुषांची गोष्ट असेल तर एका चुकीच्या प्रत्ययाने ती गोष्टच पुसली जाते, किंवा नसलेली तयार होते.

कधी कथेलाच बोलणाऱ्याचं लिंग लपवायचं असतं, उदाहरणार्थ निनावी चिठ्ठ्या पाठवणारं कुणी. तिथे मराठीत एक मोकळी वाट आहे. ‘मी तुला विसरू शकत नाही’ चालतं, ‘मी तुला विसरलो नाही’ नाही चालत, कारण तिथे बोलणाऱ्याचं लिंग उघडं पडतं. पण ‘मला तुझी आठवण येते’, ‘मला राहवत नाही’, ‘मी तुला पाहिलं’ या रचनांत क्रियापद बोलणाऱ्याच्या मागे जातच नाही. चिठ्ठ्यांच्या कथेत मी आधी या साच्यात बसेल का ते बघते.

दुसरी तपासणी: तू, तुम्ही, आपण

इथे अर्धा तास द्या आणि काम सुरू करण्याआधीच द्या. कागदावर एक तक्ता काढा: कोण, कुणाला, कोणत्या भागापर्यंत काय म्हणतं. सबटायटलच्या कामात याला फॉर्मॅलिटी टेबल म्हणतात. मोठी कामं एकाहून जास्त माणसांत वाटली जातात, तेव्हा हा तक्ता नसेल तर तिसऱ्या भागात ‘तू’ झालेली जोडी चौथ्या भागात पुन्हा ‘तुम्ही’वर येते.

इंग्रजीत एकच ‘यू’ असल्यामुळे जवळीक कधी वाढली हे त्या शब्दात दिसत नाही. मराठीत ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणं ही घटना असते. ती घटना कुठे घडवायची हे माणसाने ठरवायचं असतं, आणि एकदाच ठरवायचं असतं. मी ती जागा सहसा कबुलीच्या दृश्यात ठेवत नाही. त्याच्या थोडी आधी, एखाद्या बेसावध क्षणी ठेवते: पाय घसरताना, झोपेत हाक मारताना. मग ‘सांभाळ!’ एवढा एकच शब्द पुरतो, आणि पुढच्या ओळीत पुन्हा ‘तुम्ही’ आलं तरी वाचकाने तो शब्द टिपलेला असतो. अर्थात मूळ दृश्यात तेवढी जागा असेल तरच. नसलेली जवळीक आपण आणायची नाही.

आपल्या नमुन्यात दोघांची ओळख जुनी आहे, म्हणून सरळ ‘तू’. पहिल्या दोन तपासण्यांतच ‘तुम्ही’ आणि ‘करतो’ निघून गेले.

तिसरी तपासणी: टाइमकोडमधलं अंतर

ही तपासणी फारसं कुणी करत नाही आणि मला सगळ्यात उपयोगी पडते. फाइलमध्ये मशीनने न बघितलेली एक गोष्ट लिहिलेली असते, शांतता.

```
412
00:41:07,300 --> 00:41:08,600
तुम्ही छत्री ठेवली.

413
00:41:11,900 --> 00:41:12,800
पाऊस पडतो.
```

पहिली ओळ 41 मिनिटं 8.6 सेकंदांना संपते आणि उत्तर 11.9 सेकंदांना येतं. मध्ये 3.3 सेकंद कुणी बोलत नाही. आधीच्या ओळी एकमेकींवर आदळत होत्या, अर्ध्या सेकंदाचंही अंतर नव्हतं. चिडवाचिडवी पटापट चालते. ती थांबली म्हणजे काहीतरी लागलं. त्या एका जागेवर खूण करा, दृश्याचा गाभा तिथे आहे. वरच्या ओळी थट्टेच्या आहेत आणि खालच्या ओळी थट्टेच्या नाहीत, जरी शब्द तसेच दिसले तरी.

लांब थांबा म्हणजे प्रेमच, असं मात्र धरू नका. कुणी दार उघडत असेल, चहा ओतत असेल. अंतर फक्त सांगतं की इथे व्हिडिओ बघायलाच हवा.

चौथी तपासणी: पुन्हा आलेला शब्द

टोमणा बहुतेक वेळा समोरच्याचाच शब्द उचलून परत मारतो. ती म्हणते, ‘आयम फाइन.’ तो म्हणतो, ‘यू आर फाइन.’ मशीन पहिलं वाक्य ‘मी ठीक आहे’ करतं आणि दुसरं ‘तू छान आहेस’. दोन्ही भाषांतरं स्वतंत्रपणे चालण्यासारखी आहेत, पण उचललेला शब्द बदलला आणि टोमण्याची कौतुकाची थाप झाली. ‘मी ठीक आहे.’ ‘हो, दिसतंय ना किती ठीक आहेस.’ इथे ‘ठीक’ राहिलाच पाहिजे.

म्हणून मूळ इंग्रजी दृश्यात तीन-चार ओळींच्या आत पुन्हा आलेले शब्द अधोरेखित करा, आणि मराठीत त्यांना एकच शब्द द्या. तो दोन्ही जागी बसत नसेल तर दुसऱ्या जागेचा नव्हे, पहिल्या जागेचा शब्द बदला. आपल्या दृश्यात ‘इट रेन्स’ आणि ‘इट डझ’ ही अशीच जोडी आहे. ‘ते करते’ हा निव्वळ गोंधळ तिथूनच आला, कारण ‘डझ’ कुणाच्या जागी उभा आहे हे एकट्या ओळीत कळायला मार्गच नाही.

पाचवी तपासणी: आवाजासकट बघा, मग ओळ नव्याने लिहा

इथून पुढे खरा वेळ जातो. दृश्य एकदा आवाज बंद करून बघा, एकदा डोळे मिटून ऐका. शब्द आणि चेहरा एकमेकांशी जुळत नाहीत अशा जागा शोधायच्या आहेत. तिथे मशीनची ओळ दुरुस्त करायला जाऊ नका. ती पुसा आणि विचारा, मराठी बोलणारी अशी बाई अशा वेळी काय म्हणाली असती?

टोमण्यासाठी मराठीकडे दोन भक्कम साधनं आहेत. एक म्हणजे शब्दांचा क्रम. ‘तू फार हुशार आहेस’ हे कौतुक आहे. ‘हुशार आहेस हं फार’ म्हटलं की ‘फार’ मागे गेला आणि अर्थ उलटला. दुसरं म्हणजे खोटा मान. जिला कायम ‘तू’ म्हणतो तिलाच ‘उठलात का बाईसाहेब?’ विचारलं की कुणालाही कळतं. पण हे दुसऱ्या तपासणीतला तक्ता पक्का असेल तरच काम करतं. तक्ताच डळमळीत असेल तर खोटा मान आणि मशीनची चूक यांत वाचकाला फरक करता येत नाही.

‘ना’, ‘की’, ‘म्हणे’, ‘हं’, ‘गं’, ‘रे’ यांनी ओळ लगेच बोलकी होते, म्हणून नवा माणूस ती प्रत्येक ओळीत टाकतो. मी एका ओळीत एकाहून जास्त सहसा ठेवत नाही, आणि सलग तीन ओळींत तेच अव्यय आलं तर एक काढते.

आता आपलं दृश्य. ‘ओह, ग्रेट. इट्स यू.’ याचं मी ‘वा. तूच यायचा राहिला होतास.’ करते. ‘वा’नंतरचा पूर्णविराम मुद्दाम आहे, उद्गारचिन्ह दिलं की खरा आनंद दिसतो. ‘मिस्ड मी?’ म्हणजे ‘आठवण आली वाटतं माझी?’ पुढचं ‘लाइक अ टूथएक’ हे त्या ‘आठवणी’लाच चिकटलं पाहिजे, म्हणून ‘आली ना. दाढ दुखली की येते तशी.’ दात सोडून दाढ घेतली, कारण आपल्या बोलण्यात ठणकते ती दाढ.

मग छत्री. ‘तुम्ही छत्री ठेवली’ यात ‘ठेवणे’ हा शब्द फसवा आहे, कोपऱ्यात ठेवली असाही अर्थ निघतो. ‘जपून ठेवलीस’ हा पहिला मोह होतो आणि तो चूक आहे. ‘जपून’ म्हटलं की त्याने तिच्या मनातलं तिच्यासमोर मांडलं. मग पुढे लपवायला काही उरतच नाही. ओळ पडद्यावर 1.3 सेकंदच आहे, एवढ्यात तीन-चार शब्द वाचून होतात. मी ‘अजून आहे ती छत्री.’ करते. ‘ती’ या एका अक्षरात मागची भेट आहे, आणि ‘अजून’मध्ये दोन वर्षं. यापेक्षा जास्त त्याने मूळ ओळीतही सांगितलेलं नाही.

सगळ्यात अवघड ‘इट रेन्स’. ‘पाऊस पडतो’ हे मराठीत शाळेच्या पुस्तकातलं विधान वाटतं. इंग्रजीत ती सबब आहे: पाऊस पडतो म्हणून ठेवली, आणखी काही समजू नकोस. मी एकदा अशाच जागी ‘तुझी आठवण होती’ असं केलेलं भाषांतर बघितलं आहे. भाषांतर करणाऱ्याला उपअर्थ नीट कळला होता, पण त्याने तो पात्राच्या तोंडी घातला. तीन सेकंद थांबून तिने जे गिळलं ते सबटायटलने बोलून टाकलं. मशीन उपअर्थ बघत नाही, आणि माणूस तो बघून उघडा करतो. दुसरी चूक जास्त वाईट, कारण ती वाचायला छान लागते आणि म्हणून पकडली जात नाही.

सबब सबबच राहिली पाहिजे, फक्त छत्रीला जोडलेली हवी. ‘पावसात लागते.’ त्यावर तो ‘इट डझ’ म्हणतो, म्हणजे तिची सबब मान्य करतो आणि तिला सोडवतो. ‘लागते खरी.’ शब्द तोच राहिला आणि ‘खरी’मध्ये त्याला कळल्याचंही राहिलं.

‘आय हेट यू’ला ‘तिरस्कार’ नको, ‘द्वेष’ तर नकोच. ‘असा राग येतो ना तुझा.’ मराठीत रागाला जवळीक लागते, परक्याचा असा राग येत नाही. शिवाय या रचनेत बोलणाऱ्याचं लिंगही येत नाही, म्हणजे पहिल्या तपासणीतली चूक इथे होणारच नाही. शेवटचं ‘आय नो’ म्हणजे ‘माहितीय.’ एक शब्द, कारण मूळ आवाज खाली गेलेला असतो आणि लांब ओळ तिथे मोठ्याने वाचल्यासारखी वाटते.

सहावी तपासणी: न बघितलेला वाचक

मूळ मालिका न बघितलेल्या कुणाला तरी फक्त मराठी ओळी द्या आणि एकच प्रश्न विचारा, ‘या दोघांचं काय चाललंय?’ ‘भांडण’ असं उत्तर आलं तर टोमणे अजून कोरडे आहेत, पाचव्या तपासणीकडे परत जा. ‘प्रेमात आहेत, ती सांगतेय त्याला’ असं आलं तर तुम्ही जास्त उघडं केलंय. ‘काहीतरी आहे, पण बोलत नाहीयेत’ हे बरोबर उत्तर. ‘कुठल्या ओळीवरून वाटलं?’ हेही विचारा. तीन सेकंदांच्या शांततेच्या आसपासची ओळ सांगितली तर दृश्य जागेवर बसलं.

कुठे थांबायचं

दर तीन ओळींतली एक पुन्हा लिहावी लागत असेल तर मशीनचा मसुदा बाजूला ठेवा आणि ते दृश्य कोऱ्या पानावरून करा. वाईट वाक्य समोर असलं की आपलं वाक्यही त्याच्या सांगाड्यावर उभं राहतं, आणि वेळही जास्त जातो.

मूळ मालिका कोरियन किंवा जपानी असेल आणि तुमच्याकडे आलेली फाइल इंग्रजीवरून केलेली असेल, तर दुसऱ्या तपासणीलाच थांबा. कोरियनमध्ये आदराची बोली सोडून सलगीच्या बोलीवर येणं क्रियापदाच्या शेवटात ऐकू येतं. मधल्या इंग्रजीत ते पुसलं गेलेलं असतं. म्हणजे ‘तू’ कधी सुरू करायचं याचं उत्तर मूळ आवाजात आहे, तुमच्या फाइलमध्ये नाही. ती भाषा जाणणाऱ्याकडून तक्ता भरून घ्या, अंदाज करू नका.

थट्टा आहे की त्रास देणं आहे हे व्हिडिओ बघूनही ठरत नसेल तर लेखक-दिग्दर्शकाच्या बाजूने टिपण मागवा. समोरचं पात्र हसतंय म्हणून थट्टा असेलच असं नाही, घाबरूनही माणूस हसतो. इथे गोड मराठी घातली तर छळाचं प्रेम होतं.

आणि खऱ्या माणसांचे निरोप असतील, घटस्फोटाच्या दाव्यातले, पोलीस तक्रारीतले किंवा कामाच्या जागी झालेल्या छळाच्या चौकशीतले, तर यातलं काहीही वापरू नका. तिथे ‘आय विल किल यू’ थट्टेत होतं की नव्हतं हे ठरवणं भाषांतर करणाऱ्याचं काम नाही. असं काम प्रमाणित भाषांतरकाराकडे द्या. तो शब्दाला शब्द ठेवेल, इमोजी आणि वेळ जशीच्या तशी नोंदवेल, आणि दोन अर्थ निघत असतील तर दोन्ही लिहून त्याखाली सही करेल.